रविवारचा ब्लॉक कोणत्या रुळांवर?

शनिवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक छोटी चौकट हमखास असते. माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाउन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.४५. कुर्ला ते वाशी, अप आणि डाउन हार्बर, सकाळी ११.१० ते दुपारी ४.१०. बहुतेकजण त्यातून एवढंच उचलतात, की उद्या अकरा ते चार मेगाब्लॉक आहे. मग कुणी मामाकडे जायचा बेत पुढे ढकलतो, कुणी टॅक्सीला हजार रुपये मोजतो आणि कुणी 'बघू, गाड्या असतातच' म्हणून स्टेशनवर जाऊन घाम गाळतो. खरं तर ब्लॉक कोणत्या वेळेत आहे यापेक्षा तो कोणत्या रुळांवर आहे, हे आधी बघायला हवं. त्याच रविवारी डोंबिवलीहून दादरला निघालेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो आणि नेरूळहून दादरला निघालेल्या माणसाची गाडीच नाहीशी झालेली असते. चौकट एकच, पण दोघांचे रविवार अगदी वेगळे.

फरक आहे तो रुळांच्या संख्येत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या मेन लाइनवर लोकलसाठी चार मार्ग आहेत: धीम्या गाड्यांचे अप-डाउन दोन आणि जलद गाड्यांचे दोन. जलद मार्ग बंद केला तरी गाड्या धीम्या मार्गावर घेता येतात आणि धीमा बंद केला तर जलदवर. पश्चिम रेल्वेवरही चर्चगेटपासून हीच सोय आहे. तिथला ब्लॉक साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन असतो आणि त्याला जम्बो ब्लॉक म्हणायची पद्धत आहे. हार्बरला मात्र जायला एक आणि यायला एक, असे दोनच मार्ग. ते बंद केले की गाडी वळवायला जागाच उरत नाही. त्यामुळे मेन लाइनच्या बातमीत 'वळवण्यात येतील' असतं आणि हार्बरच्या बातमीत 'रद्द राहतील'.

आता दर रविवारी हे करावंच का लागतं? मुंबईत शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर धावते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास सुटते. मधे मोकळे असे तीन-साडेतीन तास मिळतात, तेही कागदावर. त्या वेळात मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावत असतात, रिकाम्या लोकल कारशेडकडे जात-येत असतात. छोटी कामं रात्री होतातच. काही ब्लॉकही मुद्दाम रात्रीचे घेतात, पश्चिम रेल्वेवर वसई-विरारकडे असे ब्लॉक नेहमीचे. पण ज्या कामाला अवजड यंत्रं लागतात, त्याला रात्रीचं हे अंतर पुरत नाही. एक तर यंत्र सायडिंगमधून निघून कामाच्या जागी पोचायला वेळ खातं, आणि एकदा रूळ उघडा केला की अर्ध्यावर सोडता येत नाही. रविवारी दुपारी कचेऱ्या बंद असतात, गर्दी कमी असते, गाड्याही मुळात कमी असतात. म्हणून हीच वेळ निवडतात.

त्या पाच तासांत काय चालतं, हे एकदा सायन किंवा विक्रोळीच्या पुलावर उभं राहून बघण्यासारखं आहे. ठरलेली शेवटची गाडी गेली की नियंत्रण कक्षातून तो मार्ग वाहतुकीसाठी बंद होतो. पण लगेच कुणी कामाला हात घालत नाही, कारण डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. तिच्याजवळ काम असेल तर त्या तुकड्याचा वीजपुरवठा वेगळा बंद करावा लागतो. त्याला पॉवर ब्लॉक म्हणतात. वीज बंद झाल्याचा निरोप आला, लेखी परवाना हातात पडला, की लांब दांड्याला बांधलेली केबल तारेवर अडकवून तिचं दुसरं टोक रुळाला जोडतात. तारेत काही वीज शिल्लक असेल, शेजारच्या चालू तारेमुळे उतरली असेल किंवा कुणी चुकून पुरवठा सुरू केला, तर ती जमिनीत जावी म्हणून हे अर्थिंग. ते कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना करतात. मग टॉवर वॅगन पुढे येते. तिच्या मचाणावर उभी राहिलेली माणसं पँटोग्राफने घासून झिजलेली तार तपासतात, तडकलेले इन्सुलेटर बदलतात, मकर संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे तर अडकलेला मांजाही काढत बसतात.

खाली रुळांवर पिवळं टँपिंग मशीन चालू असतं. रूळ पोलादाचा असला तरी तो बसलेला असतो खडीवर, आणि दर तीन-चार मिनिटांनी बारा डब्यांची गाडी गेली की ती खडी हळूहळू दबते, सरकते. मग गाडी हिंदकळायला लागते. यंत्र स्लीपरसकट रूळ किंचित उचलतं, थरथरणारे पोलादी दात खडीत खुपसतं आणि स्लीपरखाली खडी घट्ट ठासतं. एका वेळी दोन स्लीपर झाले की पुढे सरकतं. स्लीपर साधारण साठ सेंटिमीटरवर एक, म्हणजे एका किलोमीटरला सोळाशेच्या वर. खडीत माती आणि कचरा बसला असेल तर पावसाचं पाणी निचरत नाही. मग सगळी खडी उपसून, चाळून परत घालायचं वेगळं यंत्र लागतं. झिजलेला रूळ बदलायचा तर एका मीटरचं वजन साठ किलो. तेरा मीटरचा तुकडा पावणेआठशे किलोंचा झाला. तो कापून बसवायचा, सांधा जागेवरच वितळलेल्या धातूने जोडायचा आणि तो निवेपर्यंत थांबायचं. ही घाई करण्यासारखी कामं नव्हेत.

शिवाय सुरुवातीची आणि शेवटची आवराआवर त्याच वेळेत बसवायची असते. काम संपलं की हत्यारं मोजून उचलायची, अर्थिंगच्या दांड्या काढायच्या, परवाना परत करायचा, वीज आल्याची खात्री करायची आणि रुळांची जबाबदारी असलेल्या अभियंत्याने मार्ग गाडीसाठी योग्य असल्याचं लिहून द्यायचं. जाहीर केलेल्या पाच तासांतला तासभर तरी या येण्या-जाण्यात मोडतो. ब्लॉक दोन तासांचा का करत नाहीत, याचं उत्तर यात आहे. दोन तासांच्या ब्लॉकमध्ये हाताशी उरणारं काम इतकं थोडं असेल की तेवढ्यासाठी लोकांना त्रास देणं परवडणार नाही.

आता मेन लाइनचं उदाहरण नीट उलगडून बघू. ब्लॉक आहे माटुंगा ते मुलुंड, जलद मार्गावर. ही दोन नावं सहज निवडलेली नसतात. जलद मार्गावरून धीम्या मार्गावर जायचं तर मधे जोडरूळ लागतात आणि ते ठरावीक ठिकाणीच असतात. माटुंग्याला गाडी वळवता येते आणि मुलुंडला परत आणता येते, म्हणून काम मधल्या एखाद्याच किलोमीटरवर असलं तरी ब्लॉक माटुंगा-मुलुंड असा लांबलचक. या जोडांवर गाडीला ताशी तीस किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने जावं लागतं. जोडावरून जाताना डबा डावी-उजवीकडे झुकतो आणि चाकं खडखडतात, ते त्यामुळेच. ती मिनिट-दोन मिनिटं तिथे जातातच.

पण खरी अडचण पुढे आहे. वळवलेल्या जलद गाड्या सहसा आपल्या नेहमीच्याच थांब्यांवर थांबतात. विद्याविहार किंवा कांजूरमार्गला थांबायचं त्यांना कारण नसतं. तरीही त्या उशिरा पोचतात, कारण त्यांच्या पुढे प्रत्येक स्टेशनला थांबणारी धीमी गाडी असते आणि रुळावर ओव्हरटेक करता येत नाही. जलद गाडी मग विद्याविहारच्या अलीकडे पिवळ्या, लाल सिग्नलवर ताटकळते. रेल्वेच्या निवेदनात 'गंतव्य स्थानी १५ मिनिटे उशिराने पोचतील' असं लिहिलेलं असतं, ते या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये वाया जाणाऱ्या वेळेबद्दल. दोन मार्गांच्या गाड्या एकाच मार्गावर मावत नाहीत, म्हणून काही फेऱ्या रद्दही कराव्या लागतात. गर्दी वाढते ती या रद्द झालेल्या फेऱ्यांमुळे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवली तर पुष्कळ धावपळ वाचते. डाउन गाडी माटुंग्याला वळणार, म्हणजे दादरपर्यंत ती जलद मार्गावरूनच येणार. दादरला ती नेहमीच्याच प्लॅटफॉर्मवर लागेल. ठाण्यालाही तसंच, कारण मुलुंडला ती परत जलद मार्गावर आलेली असते. पण कुर्ला आणि घाटकोपर मधे येतात. तिथे जलद गाडी धीम्या प्लॅटफॉर्मवर येणार. दर ब्लॉकला घाटकोपरच्या जलद प्लॅटफॉर्मवर पंचवीस-तीस माणसं समोरच्या रिकाम्या रुळांकडे बघत उभी असतात आणि त्यांची कल्याण जलद पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून निघून जाते. मग जिन्यावर एकच झुंबड. ब्लॉकच्या दोन टोकांच्या आतलं स्टेशन असेल तर पूल चढण्याआधी इंडिकेटर बघावा, एवढंच.

दुसरी गोष्ट वेळेची. ११.०५ ही वेळ रुळाची आहे, गाडीची नव्हे. त्या क्षणी रूळ रिकामा हवा, म्हणून सीएसएमटीहून साडेदहाच्या आसपास सुटणारी जलद गाडीच आधी वळवली जाते. निवेदनात 'सीएसएमटीहून अमुक ते अमुक वेळेत सुटणाऱ्या' आणि 'ठाण्याहून अमुक ते अमुक वेळेत सुटणाऱ्या' गाड्या अशी वेगळी ओळ असते. आपल्या कामाची ती ओळ. 'अकराला ब्लॉक आहे ना, मग पावणेअकराची गाडी मिळेल' हा हिशेब तिथेच फसतो.

धीमा मार्ग बंद असेल तेव्हा चित्र उलटं होतं आणि फटका छोट्या स्टेशनांना बसतो. सीएसएमटी ते विद्याविहार असा धीम्या मार्गाचा ब्लॉक बऱ्याचदा असतो. धीम्या गाड्या जलद मार्गावरून भायखळा, परळ, दादर, माटुंगा, सायन, कुर्ला अशा थांबत जातात. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी आणि करी रोडला मात्र त्या थांबत नाहीत. यात मोटरमनचा हट्ट नाही. त्या स्टेशनांवर जलद मार्गाच्या कडेला प्लॅटफॉर्मच नाही, गाडी थांबली तरी उतरणार कुठे? पश्चिम रेल्वेवर राम मंदिर स्टेशनची हीच गत. जलद मार्गाला तिथे प्लॅटफॉर्म नाही, म्हणून धीम्या मार्गाच्या ब्लॉकमध्ये ते वगळलं जातं. करी रोडला जायचं असेल तर परळला उतरून चालत जाणं सगळ्यात सोपं. मशीद बंदरला घाऊक खरेदीला निघालेल्यांनी सरळ सीएसएमटीपर्यंत जावं आणि पाठीमागच्या बाजूने चालत यावं, ओझं असेल तर परतताना टॅक्सी करावी. भायखळ्याला उतरून उलट्या गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण उलटी गाडीही तिथे थांबणार नसते.

हार्बरवाल्यांचा प्रश्न मात्र उशिराचा नसतो, दुसऱ्या रस्त्याचा असतो. समजा नेरूळचं एक कुटुंब दादरला लग्नाला निघालं आहे. मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा. ब्लॉक कुर्ला ते वाशी. अशा ब्लॉकच्या निवेदनात सहसा असं असतं: सीएसएमटीहून १०.३४ ते ३.३६ या वेळेत पनवेल, बेलापूर, वाशीकडे जाणाऱ्या गाड्या रद्द, आणि पनवेल, बेलापूर, वाशीहून १०.१७ ते ३.४७ या वेळेत सीएसएमटीकडे येणाऱ्या गाड्या रद्द. सीएसएमटी ते कुर्ला आणि पनवेल ते वाशी विशेष लोकल धावतात, म्हणजे दोन्ही काठांवर होड्या आहेत आणि मधली वाशीची खाडी ओलांडायला काही नाही. 'गाड्या सुरू आहेत' असं ऐकून वाशीपर्यंत आलेली माणसं तिथेच अडकतात, ती या विशेष गाड्यांमुळे.

या कुटुंबापुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून मेन लाइनने दादर. नेरूळ ते ठाणे अर्धा-पाऊण तास. ट्रान्स-हार्बरची गाडी मिनिटामिनिटाला नसते, चुकली तर पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. ठाण्याला पूल चढून मेन लाइनवर यायला, नऊवारी आणि आहेराच्या पिशव्या सांभाळत, दहा मिनिटं धरा. पुढे ठाणे ते दादर एरवी जलद गाडीने अर्ध्या तासाच्या थोडं वर लागतं, पण त्याच दिवशी माटुंगा-मुलुंड जलद मार्ग बंद असेल तर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. सगळं मिळून दोन तास हाताशी हवेत. एरवी कुर्ल्याला गाडी बदलून हेच अंतर तासाभरात होतं. दुसरा रस्ता साधा आहे: नेरूळहून दहाच्या आतली हार्बरची गाडी पकडायची. अकराला दादरला पोचायचं, चहा-पोहे खायचे आणि वऱ्हाडात सगळ्यात आधी येण्याचा मान मिळवायचा. मला विचाराल तर ब्लॉकच्या दिवशी लांबचा वळसा घेण्यापेक्षा लवकर निघणंच बरं. वळशात दोन ठिकाणी गाडी चुकू शकते, लवकर निघण्यात फक्त थोडी झोप जाते.

ठाण्यामार्गे जायचंच असेल तर तिकिटाचं बघावं. हार्बर बंद असताना रेल्वे साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत हार्बरच्या प्रवाशांना ठाणे-वाशी, ठाणे-नेरूळ मार्गे त्याच तिकिटावर, त्याच पासवर जाऊ देते. सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे असा ब्लॉक असेल तर मेन लाइन आणि पश्चिम रेल्वेने जायची परवानगी असते, आणि पनवेलच्या विशेष गाड्या कुर्ल्याहून आठ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटतात. पण ही मुभा त्या त्या दिवशी जाहीर होते, ती आपोआप मिळत नाही. निवेदनात ती ओळ आहे ना, हे बघून मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. टीसीशी हुज्जत घालण्यापेक्षा तो फोटो दाखवणं सोपं.

मेन लाइन आणि हार्बर एकाच दिवशी बंद ठेवली तर सहसा ट्रान्स-हार्बर चालू ठेवतात आणि ट्रान्स-हार्बरवर काम असेल तेव्हा हार्बर. नवी मुंबईला निदान एक दार उघडं असावं, असा त्यामागचा हिशेब. अपवाद पनवेल ते वाशी ब्लॉकचा. तेव्हा पनवेलकडची ट्रान्स-हार्बरही बंद असते, कारण वाशी-नेरूळच्या पुढे दोन्ही मार्गांच्या गाड्या त्याच रुळांवरून जातात. खारघर, मानसरोवर, खांदेश्वरच्या लोकांनी हा ब्लॉक वेगळा ओळखावा. त्यांना ठाणे मार्गाचाही उपयोग नाही. त्यांनी वाशी किंवा नेरूळपर्यंत बसने यायचं आणि तिथून गाडी धरायची.

काही रविवारी चौकटीत लोकलचा मार्ग नसतोच, 'ठाणे ते विद्याविहार, पाचवी आणि सहावी मार्गिका' एवढंच असतं आणि आपण निश्चिंत होतो. या दोन मार्गिका मेल-एक्स्प्रेससाठी असतात. त्या बंद झाल्या की एक्स्प्रेस गाड्या जलद लोकलच्या मार्गावर येतात, दहा-पंधरा मिनिटं मागे पडतात आणि त्यांच्या पाठीमागच्या जलद लोकलही रखडतात. त्या दिवशी धीमी गाडी पकडलेली बरी. ठाणे ते दिवा या मार्गिका जोडण्यासाठी फेब्रुवारी २०२२मध्ये ७२ तासांचा ब्लॉक घेतला होता, आणि मे-जून २०२४मध्ये ठाण्याचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा. अशा मोठ्या ब्लॉकना हे नेहमीचे हिशेब लागू पडत नाहीत. तेव्हा घरी बसता आलं तर बसावं.

उलट गणपतीत किंवा दिवाळीच्या तोंडावरच्या रविवारी बऱ्याचदा ब्लॉक रद्दही होतो. त्यामुळे मागच्या आठवड्याच्या बातमीवर जाऊ नये. शनिवारी संध्याकाळी ताजं निवेदन बघावं. एम-इंडिकेटरसारख्या अ‍ॅपवर ते असतं, स्टेशनवरही वारंवार सांगतात. रविवारी परीक्षा असलेल्या मुलांनी तर केंद्राचं दार बंद व्हायच्या वेळेपासून उलटी मोजणी करावी आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आधीची गाडी धरावी, परीक्षा दुपारची असली तरी.

परतीचा अंदाज मात्र अनेकांचा चुकतो. ३.४५ला ब्लॉक संपला म्हणजे ३.५०ला सगळं सुरळीत झालं, असं होत नाही. खडी नुकतीच हलवलेली असते, म्हणून पहिल्या काही गाड्यांना तिथे कमी वेगाने जायची सूचना मोटरमनला लेखी दिलेली असते. काम झालेल्या जागी पुढचे काही दिवसही गाडी हळू होते, सोमवारी सकाळी उगाचच्या उगाच डुलत जाते ती तीच जागा. शिवाय दुपारभर गाड्या उशिरा धावल्याने जी गाडी चारला सीएसएमटीवर हवी ती अजून कल्याणच्या वाटेवर असते, आणि ती आल्याशिवाय तिची परतीची फेरी सुटत नाही. वेळापत्रक ताळ्यावर यायला साधारण तास-दीड तास लागतो, ब्लॉक लांबला तर जास्त. हे ओळखायचं असेल तर इंडिकेटरवर एकाच ठिकाणच्या दोन गाड्या लागोपाठ लागल्या आहेत का, ते बघावं. तसं दिसलं तर पहिली सोडून दुसरीत चढावं, ती बऱ्यापैकी रिकामी असते. आणि लग्न उरकून चार वाजता दादरला प्लॅटफॉर्मवर येऊन उभं राहण्यापेक्षा साडेपाचपर्यंत मांडवातच पाहुण्यांशी गप्पा मारत बसावं.